निबंध स्वतः लिहिला, तरी टूल म्हणतं ‘एआयनं लिहिला’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात शिकणारी मुलं, एसओपी लिहिणारी मुलं, त्यांचे पालक आणि इथले प्राध्यापक यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. इंग्रजी ही ज्यांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, त्यांच्या लेखनावर एआय पकडणारी टूल्स चुकीचा शिक्का का मारतात, एवढाच इथला विषय आहे. एआय वापरावं की नाही, हा वाद इथे नाही.

हे खरंच घडतं, की पकडली गेलेली मुलं सबबी सांगतात?

दोन्ही घडतं. पण पहिल्याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेम्स झोऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 साली एक साधी चाचणी घेतली. टोफेल या इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांनी एका चिनी संकेतस्थळावरून घेतले. दुसऱ्या बाजूला अमेरिकन शाळांतल्या आठवीच्या मुलांचे 88 निबंध होते. दोन्ही गठ्ठे माणसांनीच लिहिलेले. मग हे सगळे निबंध त्या वेळी प्रचलित असलेल्या सात टूल्समधून काढले.

आठवीच्या अमेरिकन मुलांचे निबंध जवळपास सगळे सहीसलामत सुटले. टोफेलच्या निबंधांवर मात्र सरासरी 61 टक्के वेळा ‘यंत्रानं लिहिलेला’ असा शिक्का बसला. 91 पैकी 18 निबंध सातही टूल्सनी एकमतानं यंत्राचे ठरवले. आणि निदान एका टूलनं तरी ज्यांच्यावर बोट ठेवलं, असे निबंध होते 89. म्हणजे अख्ख्या गठ्ठ्यात निर्विवाद माणसाचे ठरले ते फक्त दोन.

टूल नेमकं बघतं काय? कॉपी शोधतात तसं कुठे जुळवून बघतं का?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. साहित्यचोरी शोधणारं सॉफ्टवेअर तुमचं वाक्य दुसऱ्या कुठल्या तरी मजकुराशी जुळवतं आणि तो मजकूर समोर ठेवतं. तो तुम्ही स्वतः डोळ्यांनी तपासू शकता. एआय पकडणाऱ्या टूलकडे असं समोर ठेवण्यासारखं काही नसतं. ते फक्त लेखनाची ठेवण बघून अंदाज बांधतं.

या अंदाजाचा सगळ्यात प्रसिद्ध आधार म्हणजे पर्प्लेक्सिटी. मोबाइलवर टाइप करताना कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, ते आठवा. भाषेचं मॉडेल तेच काम फार मोठ्या प्रमाणावर करतं. आतापर्यंतचे शब्द बघून पुढे कोणता शब्द येण्याची किती शक्यता आहे, ते मोजतं. टूल तुमचा निबंध अशा मॉडेलला एकेक शब्द करून दाखवतं आणि दर वेळी तपासतं, की तुम्ही लिहिलेला शब्द मॉडेलला कितपत अपेक्षित होता. पर्प्लेक्सिटी 10 आली, तर त्याचा ढोबळ अर्थ असा, की सरासरी प्रत्येक शब्दापाशी मॉडेलसमोर जणू दहा सारख्याच शक्यता होत्या. 80 आली, तर ऐंशी. आकडा जितका लहान, तितकं तुमचं लेखन मॉडेलला ओळखीचं.

चॅटबॉट स्वतः लिहितो तेव्हा बहुधा शक्यता जास्त असलेलेच शब्द निवडतो, त्यामुळे त्याच्या मजकुराची पर्प्लेक्सिटी कमी येते. एवढं खरं आहे. पण टूल त्यावरून उलटी उडी मारतं, की पर्प्लेक्सिटी कमी म्हणजे लेखन यंत्राचं. कमी पर्प्लेक्सिटी यायला इतरही कारणं असू शकतात, याची या हिशेबात जागाच नाही. 2023 मध्ये लोकांनी अमेरिकेची राज्यघटना अशा एका टूलला दिली, तर त्यानं तीही यंत्रानं लिहिलेली ठरवली. कारण सरळ आहे. तो मजकूर इंटरनेटवर इतक्या ठिकाणी आहे, की मॉडेलला तो जवळपास पाठ असतो आणि पुढचा शब्द त्याला आधीच ठाऊक असतो.

दुसरा आधार ‘बर्स्टिनेस’ नावानं ओळखला जातो. लेखनात चढउतार किती आहेत, एखादं वाक्य लांबलचक आणि पुढचं तीन शब्दांचं असं होतं का, हे त्यात बघतात. वाक्यं एकसारखी असली, की संशय वाढतो. जानेवारी 2023 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एडवर्ड टियान या विद्यार्थ्यानं जीपीटीझीरो हे टूल आणलं, तेव्हा ते याच दोन गोष्टींवर उभं होतं. आजची बरीच टूल्स यापुढे गेली आहेत. ती माणसांचे आणि यंत्रांचे हजारो नमुने दाखवून शिकवलेली असतात. पण तिथेही ‘माणसाचे नमुने’ म्हणून कोणाचे नमुने दाखवले, हा प्रश्न उरतोच. त्याकडे पुढे येऊ.

मग आपल्या मुलांचं इंग्रजी मॉडेलला इतकं अपेक्षित का वाटतं?

एक वाक्य घेऊ. ‘एज्युकेशन प्लेज अॅन इम्पॉर्टंट रोल इन अवर लाइफ.’ मराठी माध्यमातून शिकलेल्या कोणीही आयुष्यात एकदा तरी हे लिहिलेलं असतं. यात ‘प्लेज अॅन इम्पॉर्टंट’ इथवर आलात, की पुढे ‘रोल’च येणार. मग ‘इन’. मग ‘अवर’ किंवा ‘द’. या वाक्यात मॉडेल कुठेच अडखळत नाही. आता असा निबंध डोळ्यांसमोर आणा, की ज्याची सुरुवात ‘नाउअडेज’नं होते, दुसरा परिच्छेद ‘मोअरओव्हर’नं, तिसरा ‘ऑन द अदर हँड’नं आणि शेवट ‘इन कन्क्लूजन’नं. प्रत्येक वाक्य कर्ता, क्रियापद, कर्म अशा चालीत, बारा ते पंधरा शब्दांचं. त्याची पर्प्लेक्सिटी फार कमी येणार, हे टूल न लावताही सांगता येतं.

आता अमेरिकन आठवीतलं पोर कसं लिहितं ते बघा. त्याचं शुद्धलेखन कच्चं असेल, वाक्य मध्येच भरकटेल, पण भाषा त्याच्या घरातली आहे. बोलीतला शब्द, घरात चालणारा विनोद, मध्येच कंसात टाकलेली शेरेबाजी, हे सगळं त्याच्या हातून सहज येतं. पुढे काय येईल याचा मॉडेलला नेम लागत नाही. त्याचा निबंध आपल्या मुलीच्या निबंधापेक्षा चांगला असेलच असं नाही. तो फक्त कमी अपेक्षित आहे.

दुसऱ्या भाषेत लिहिणारा माणूस खात्रीचा शब्द निवडतो. ‘मोठा’ यासाठी इंग्रजीत वीस शब्द माहीत असले, तरी त्यातले तीनच कुठे बसतात याची खात्री असते. मग निबंधभर तेच तीन फिरतात. परीक्षेच्या तयारीत जोडशब्दांची यादी पाठ करून घेतात, साचा पाठ करून घेतात, आणि त्याला गुणही मिळतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मराठीतून विचार करून लिहिलेलं इंग्रजी मुळात बरंच अनपेक्षित असतं. सातवीतला मुलगा ‘डोकं खाऊ नकोस’चं शब्दशः इंग्रजी करतो, तेव्हा कुठलंही मॉडेल चक्रावेल. पण शिक्षकांची लाल शाई ते वाक्य खोडते आणि जागी पुस्तकातलं वाक्य घालते. हे आठ-दहा वर्षं चालतं. त्यात चूक काही नाही, भाषा अशीच शिकवली जाते. पण जे अनपेक्षित तेच खोडलं जातं, आणि एवढ्या मेहनतीनं कमावलेली बिनचूक, साचेबंद भाषा टूलच्या नजरेत संशयास्पद ठरते.

टूलला खटकतं ते शब्दांचं साधेपणच, हे कशावरून? विषय किंवा परीक्षेचा ढाचा असेल.

रास्त शंका. स्टॅनफर्डच्या गटालाही ती आली असणार, कारण पुढचा प्रयोग त्यांनी त्यासाठीच केला, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी तेच टोफेलचे निबंध चॅटजीपीटीला दिले आणि सांगितलं, की शब्दनिवड इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसासारखी समृद्ध कर. बाकी निबंध तोच. चुकीचे शिक्के 61 टक्क्यांवरून 12 टक्क्यांच्या आत आले. मग उलटं केलं. अमेरिकन मुलांच्या निबंधातली शब्दनिवड दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यासारखी साधी करायला सांगितली, तर त्या निबंधांवरचे चुकीचे शिक्के झपाट्यानं वाढले.

यातली गंमत नीट बघा. माणसानं एकट्यानं लिहिलेला निबंध यंत्राचा ठरला, आणि त्याच निबंधावर यंत्राचा हात फिरवल्यावर तो माणसाचा ठरला! टूलला लेखक कोण ते कळतच नव्हतं. ते शब्दसंपत्ती मोजत होतं.

त्याच अभ्यासात त्यांनी संशोधन परिषदेत स्वीकारल्या गेलेल्या शोधनिबंधांचे सारांशही तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांतल्या संशोधकांच्या सारांशांची पर्प्लेक्सिटी तिथेही कमी निघाली. म्हणजे ही फक्त कच्च्या इंग्रजीची बाब नाही. उत्तम काम करणारे अनुभवी लोकही त्यात आहेत.

कंपन्या तर 98-99 टक्के अचूकतेचा दावा करतात. तो खोटा का?

खोटा असेलच असं नाही. पण सरासरीत बरंच काही लपतं. एक कल्पित हिशेब करू. यातले आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत.

एका विद्यापीठात एका विषयाला 300 विद्यार्थी आहेत. 240 जणांची मातृभाषा इंग्रजी, 60 जणांची नाही. दोन्ही गटांत दहा टक्के मुलांनी एआयकडून लिहून घेतलं, म्हणजे 24 आणि 6. टूल अशा दर दहांपैकी आठांना पकडतं. प्रामाणिक मुलांवर चुकीचा शिक्का बसण्याचं प्रमाण पहिल्या गटात 2 टक्के आणि दुसऱ्या गटात 20 टक्के धरू.

पहिल्या गटात 19 खरे दोषी पकडले जातील आणि 216 प्रामाणिक मुलांपैकी साधारण 4 नाहक अडकतील. म्हणजे शिक्का बसलेल्या 23 पैकी 19 खरे. दुसऱ्या गटात 5 खरे दोषी सापडतील आणि 54 प्रामाणिक मुलांपैकी साधारण 11 नाहक अडकतील. शिक्का बसले 16, त्यातले 11 निर्दोष.

आता संपूर्ण वर्गाची अचूकता काढा. सुटलेले सहा दोषी आणि नाहक अडकलेले पंधरा मिळून 300 पैकी 21 निकाल चुकले. म्हणजे टूल 93 टक्के अचूक! जाहिरातीत हाच आकडा छापला जाईल आणि त्यात असत्य काही नसेल. पण प्राध्यापकांच्या समोर दुसऱ्या गटातली एखादी मुलगी बसली असेल, तर ती निर्दोष असण्याची शक्यता दोषी असण्याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून टूलविषयी विचारायचा प्रश्न ‘अचूकता किती’ हा नसून ‘प्रामाणिक लेखकांपैकी किती जण अडकतात, आणि ते कोण’ हा आहे.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट 2023 मध्ये टर्नइटिन या साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं एआय ओळखणारं साधन बंद केलं, तेव्हा असाच हिशेब मांडला होता. 2022 मध्ये त्यांनी टर्नइटिनकडे 75,000 लेख तपासायला दिले होते. कंपनीच्या दाव्याप्रमाणे चुकीचं प्रमाण एकच टक्का धरलं, तरी सुमारे 750 लेखांवर खोटा आळ आला असता. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांवर होणारा परिणाम हेही एक कारण त्यांनी दिलं होतं.

तो अभ्यास 2023 चा. आता टूल्स सुधारली असतील ना?

काही नक्कीच सुधारली आहेत, आणि हे कबूल न करणारे लोक आपलीच बाजू कमकुवत करतात. 91 निबंध हा लहान नमुना आहे. टोफेलचे निबंध आखूड असतात, आणि मजकूर आखूड असला की कुठल्याही टूलचा अंदाज डळमळतो. त्या सात टूल्समध्ये टर्नइटिन नव्हतं. टर्नइटिननं नंतर स्वतःची तपासणी करून सांगितलं, की किमान 300 शब्दांच्या लेखनात इंग्रजी शिकणाऱ्यांवर लक्षणीय अन्याय होताना दिसत नाही. अर्थात ही कंपनीनं स्वतःच घेतलेली परीक्षा आहे.

त्याहून बोलका पुरावा ईटीएसच्या संशोधकांचा आहे. ईटीएस म्हणजे जीआरई आणि टोफेल घेणारी संस्था. त्यांनी जीआरईच्या निबंधांवर स्वतःची टूल्स घडवली आणि 2024 साली निष्कर्ष मांडला, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांविरुद्ध त्यांत पक्षपात आढळत नाही. फरक कुठे पडला? त्यांच्याकडे जगभरातल्या परीक्षार्थींचं, म्हणजे दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांचंही, लेखन भरपूर होतं. टूलनं आधीच ते ‘माणसाचं लेखन’ म्हणून पाहिलं होतं.

माझ्या मते या सगळ्या वादातली कळीची गोष्ट ही आहे. दुसऱ्या भाषेतलं लेखन यंत्रासारखं असतं असा काही निसर्गनियम नाही. टूल शिकवताना कोणाची माणसं ‘माणसं’ म्हणून दाखवली आणि संशयाची रेषा कुठे आखली, यावर निकाल ठरतो. पण तुमच्या विद्यापीठानं घेतलेलं टूल कोणाच्या लेखनावर शिकलंय, हे बहुतेक वेळा प्राध्यापकांनाही माहीत नसतं. फुकटच्या संकेतस्थळांचं तर विचारूच नका.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीलाच विचारलं तर?

ओपनएआयनं जानेवारी 2023 च्या शेवटी स्वतःचं टूल काढलं होतं. त्यांच्याच आकडेवारीप्रमाणे ते यंत्राच्या मजकुरापैकी फक्त 26 टक्के ओळखत होतं आणि माणसाच्या मजकुराला 9 टक्के वेळा यंत्राचा ठरवत होतं. जुलैमध्ये ‘अचूकता कमी’ म्हणून ते बंद केलं.

आणि थेट चॅटबॉटलाच ‘हा निबंध तू लिहिलास का?’ असं विचारणं म्हणजे तर कहर. त्यानं कोणासाठी काय लिहिलं याची नोंद चाळून तो उत्तर देत नाही, फक्त पटेल असं वाक्य जुळवतो. मे 2023 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कॉमर्स नावाच्या गावातल्या शाखेत एका अध्यापकानं असंच विचारून एका वर्गाच्या कामाचा निकाल लावला होता. शेवटच्या सत्रातल्या मुलांच्या पदव्या त्यापायी काही काळ अडकल्या.

अहवालात ‘45%’ आलंय. म्हणजे मी कॉपी केल्याची शक्यता 45 टक्के?

टूलगणिक अर्थ वेगळा आहे. टर्नइटिनमध्ये या आकड्याचा अर्थ असा, की तपासण्याजोग्या मजकुरापैकी 45 टक्के भाग यंत्रानं लिहिल्यासारखा वाटतो. काही टूल्समध्ये तो खरोखर शक्यतेचा आकडा असतो. अहवाल कोणत्या टूलचा आहे हे कळल्याशिवाय त्यावर बोलू नका.

आपल्याकडे याहून मोठा गोंधळ होतो तो दोन वेगळ्या टक्क्यांचा. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे 40 आणि 60 टक्क्यांचे टप्पे आहेत. ते सगळं इतरांच्या मजकुराशी जुळण्याबद्दल आहे. एआयच्या टक्क्याशी त्याचा काही संबंध नाही. तरीही प्रबंध जमा करताना ‘एआय दहाच्या खाली आणा’ असं तोंडी सांगितलं जातं, असं अनेक विद्यार्थी सांगतात. साम्य आलं तर तो परिच्छेद दाखवता येतो, अवतरणचिन्हं घालता येतात. एआयचा टक्का ‘खाली आणायला’ विद्यार्थी करणार काय? स्वतःची बरी वाक्यं मोडून वाकडी करणार, किंवा शब्द फिरवून देणारं सॉफ्टवेअर लावणार. म्हणजे ज्यानं यंत्र वापरलं नव्हतं, त्याला आपण यंत्राच्या दारात नेऊन उभं करतो.

ग्रामरली वापरलं, किंवा मराठीत लिहून गूगलनं भाषांतर केलं, तर?

दोन्ही गोष्टी एका मापानं मोजू नका. व्याकरण तपासून दोन-चार ठिकाणी स्वल्पविराम सुधारले, तर सहसा काही होत नाही. पण हल्ली हीच साधनं अख्खं वाक्य नव्यानं लिहून देतात. ते स्वीकारत गेलात, तर निबंधातला मजकूर खरोखरच यंत्राचा होतो आणि टूलनं तसं म्हटलं तर ते चुकलं असं म्हणता येणार नाही. भाषांतराचंही तसंच. विचार तुमचे असले, तरी इंग्रजी वाक्यं यंत्रानं घडवलेली आहेत. ते चालतं की नाही, हे त्या विद्यापीठाच्या नियमावर आहे. काही ठिकाणी नमूद केलं की चालतं. आधी विचारा आणि उत्तर ई-मेलवर घ्या.

मग मुद्दाम दोन-चार चुका ठेवू का? किंवा जड शब्द पेरू?

नको. चुकांमुळे पर्प्लेक्सिटी थोडी वाढेलही, पण गुण नक्की जातील. जड शब्दांचा तोटा वेगळा आहे. टूलला चकवलंत तरी माणसाचा संशय ओढवून घ्याल. एप्रिल 2024 मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकन गुंतवणूकदारानं जाहीरपणे लिहिलं, की आलेल्या ई-मेलमध्ये ‘डेल्व्ह’ हा शब्द दिसला आणि तो चॅटजीपीटीचा असल्याचं त्यांना वाटलं. त्यावर नायजेरियातल्या लोकांनी त्यांना धारेवर धरलं, कारण त्यांच्या शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत तो रोजचा शब्द आहे. आपलंही तसंच आहे. शाळेत घोटून घेतलेलं भारदस्त इंग्रजी लंडन-बोस्टनच्या कानाला आता यंत्राचं वाटायला लागलंय.

एक बदल मात्र मी माझ्याकडच्या मुलांना सुचवते, आणि तो टूलसाठी नाही, लेखनासाठीच आहे. सर्वसाधारण विधानाच्या जागी तुमच्याकडचा तपशील घाला. ‘वॉटर स्केअर्सिटी इज अ मेजर प्रॉब्लेम’ या वाक्यापेक्षा तुमच्या गावात एप्रिलमध्ये टँकर कुठल्या वळणावर थांबतो आणि हंडे कधीपासून रांगेला लागतात, हे साध्या इंग्रजीत लिहा. ते वाक्य दुसऱ्या कोणी लिहिलेलं नसतं, म्हणून मॉडेललाही ते अपेक्षित नसतं. तरी याची हमी समजू नका. शास्त्रीय अहवालात टँकर आणायला जागा नसते.

शिक्का बसलाच, तर पहिल्या दिवशी काय करायचं?

समजा, सोलापूरची एक मुलगी इंग्लंडमध्ये एमएससी करतेय आणि तिला ‘तुमच्या निबंधाबाबत चर्चा करायची आहे’ असा ई-मेल आला. घाबरून ती सगळ्यात आधी काय करते? निबंध पाच फुकट टूल्समध्ये टाकते आणि ज्यानं ‘माणूस’ म्हटलं त्याचा स्क्रीनशॉट पाठवते. हे करू नये. टूलचा निकाल विश्वासार्ह नाही असं म्हणायचं आणि आपल्या सोयीचा निकाल पुरावा म्हणून द्यायचा, हे समोरच्याला लगेच दिसतं. आणि फाइलमध्ये तर काहीही बदलू नये.

तिनं आधी लेखी विचारावं: कोणतं टूल, किती आकडा, कोणते परिच्छेद, आणि टूलशिवाय दुसरा काही आधार आहे का. मग आपला माग गोळा करावा. गूगल डॉक्समध्ये `File > Version history > See version history` इथे मजकूर कोणत्या दिवशी किती वाढला ते दिसतं. वर्डमध्ये फाइल वनड्राइव्हवर असेल, तर `File > Info > Version History` इथे. चार दिवसांत वाढत गेलेला, मध्ये खोडाखोड झालेला, परिच्छेद वरखाली केलेला निबंध डोळ्यांना दिसतो. वहीतल्या मराठी-इंग्रजी टिपा, वाचलेल्या लेखांवरच्या खुणा, मार्गदर्शकांशी झालेले ई-मेल हेही ठेवावं. आधी वर्गात बसून लिहिलेल्या उत्तरांची भाषा तीच असेल, तर ती सगळ्यात उपयोगी.

इथे एक अडचण येते. बरीच मुलं मोबाइलवर किंवा व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून लिहितात आणि शेवटी सगळं एकदम चिकटवतात. मग इतिहासात शून्यावरून थेट 1,800 शब्द उगवलेले दिसतात, आणि तो नेमका एआयवरून उचलल्यासारखा दिसतो. तसं झालं असेल, तर मूळ टिपा तारखेसकट दाखवाव्यात.

शेवटी, तोंडी विचारा असं आपणहून सुचवावं. ‘हा लेख का निवडलास, हे वाक्य इथे का आलं, काय गाळलंस’ या प्रश्नांना स्वतः लिहिणारा माणूस अडखळत का होईना, उत्तर देतो. इंग्रजी बोलायची भीती वाटत असेल, तर वेळ जास्त मिळावा असं आधीच लिहून मागता येतं. बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांत विद्यार्थी संघटनेचा सल्लागार अशा बैठकीला सोबत बसू शकतो. त्याला बैठकीच्या आदल्या रात्री नाही, ई-मेल आला त्याच दिवशी गाठावं.

मी इथे महाविद्यालयात शिकवते. टूल पूर्ण सोडून द्यायचं का?

सोडलंत तर मला वाईट वाटणार नाही. पण ठेवायचंच असेल, तर आधी एक चाचणी घ्या. चॅटजीपीटी येण्याच्या आधीचे, म्हणजे नोव्हेंबर 2022 पूर्वीचे, तुमच्याच विद्यार्थ्यांचे पन्नासेक निबंध कपाटात सापडतील. नावं काढून, टाइप करून, ते टूलला द्या. टाइप करताना त्यांतल्या चुका सुधारू नका, नाहीतर चाचणीच बिघडेल. त्यांतल्या एकावरही चॅटजीपीटीचा आरोप होऊ शकत नाही, त्यामुळे जितके शिक्के बसतील तितक्या टूलच्या चुका. मराठी माध्यमातून आलेल्यांचा गठ्ठा आणि इंग्रजी माध्यमाचा गठ्ठा वेगळा मोजा. पन्नासात एकही चूक सापडली नाही, म्हणजे चुका होतच नाहीत असं नाही. पन्नासात सात-आठ सापडल्या, तर मात्र तो अहवाल कुठल्याही समितीपुढे ठेवण्याच्या लायकीचा नाही.